बाइंडरचा गुण्या

आमच्या गल्लीतल्या बाइंडरना सगळे ‘तपासनीस’ म्हणायचे. चहा आला तरी आधी कपाचा कान हलवून बघायचे, मग घोट. कागदाचं रीम आलं की कोपऱ्यातून पानं फडफडवून मोजायचे; दुकानदार म्हणायचा, “तपासनीस, कंपनीनं मोजून पाठवलंय हो.” हे म्हणायचे, “म्हणूनच मोजतोय.”

असा माणूस वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी नवं कटिंग मशीन घेऊन बसला. विजेवर चालणारं, दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय पातं खाली न येणारं. जुनं मशीन दांड्याचं होतं आणि दांडा ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. दोन कंपन्यांची मशीनं पसंतीला उतरली होती, एक हिरवं, एक लाल, दोन्ही तोलामोलाची. महिनाभर दोन्ही शोरूमच्या पायऱ्या झिजवल्या आणि शेवटी हिरवं घेतलं. आयुष्यभराची गंगाजळी त्यात ओतली. करारात एक ओळ होती: दहा दिवसांत पसंत न पडल्यास परत.

तिसऱ्या दिवशी फोन आला. एका मुलीचा गोड आवाज. “अभिनंदन सर! तुम्ही अगदी योग्य निवड केलीत. काही अडचण?”

तपासनिसांनी फोन ठेवला आणि बायकोकडे वळले. “ऐकलंस? पैसे घेऊन झाल्यावर कुणी फोन करतं का?”

“करत असतील. चांगली माणसं असतील.”

“विकायच्या आधी चांगली असतात. नंतर चांगली राहिली की समजायचं, माल खोटा आहे.”

त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. हिरवं की लाल, अशी झुंजच लागली होती मनात. दुकानात कुणी आलं की लाल मशीनचे दोष सांगायचे: “ते आवाज किती करतं! दाबपट्टी तर अगदी तकलादू.” ऐकणारा मान डोलवायचा. तो गेला की हेच हिरव्या मशीनभोवती प्रदक्षिणा घालायचे, पात्याखाली वाकून बघायचे. लाल मशीनच्या शोरूमवरून जाणारा रस्ता त्यांनी टाकला आणि खळीचा मैदा आणायला लांबचा वळसा सुरू केला.

पाचव्या दिवशी पाकीट आलं. आत वापरायची पुस्तिका, पहिल्याच पानावर ‘आमच्या कुटुंबात स्वागत’, आणि हेच मशीन वापरणाऱ्या बारा बाइंडरांचे नंबर. तपासनिसांनी त्यातला एक फिरवला.

“मशीन कसंय?”

“एक नंबर,” पलीकडचा म्हणाला. “चार वर्षं झाली.”

“तुम्ही कंपनीचे माणूस तर नाही ना?”

पलीकडे हसू फुटलं आणि फोन कटला. तपासनिसांची खात्रीच झाली.

घरात पुतणी होती, शिक्षणासाठी त्यांच्याकडेच राहणारी. ग्राहक वर्तनाच्या पेपरची तयारी करत होती. काकांचा तमाशा ती दोन दिवस बघत होती.

“काका, तुमच्यावर माझं दहा मार्कांचं उत्तर निघतंय.”

“काय म्हणून?”

“संज्ञानात्मक विसंगती. वस्तू महाग, निवड आपली आपण केलेली, दुसरी वस्तूही तितकीच चांगली. मग विकत घेतल्यावर डोक्यात दोन गोष्टी भांडतात. ‘मी विचार करून घेतलं’ आणि ‘मी फसलो’. माणसाला ते सोसत नाही. एकतर तो घेतलेल्याचं कौतुक गोळा करतो, नाकारलेल्याला नावं ठेवतो, नाहीतर वस्तू परत करतो. तुम्ही एकाच वेळी सगळं करताय.”

“आणि तो फोन?”

“तोही पुस्तकात आहे. फोन, अभिनंदनाचं पत्र, हमी, परत घ्यायची सोय, दुरुस्तीवाला वेळेवर पाठवणं, जुन्या गिऱ्हाइकांशी गाठ. पश्चात्ताप वाढू नये म्हणून.”

तपासनीस एकदम ताठ झाले. “म्हणजे ठरवून करतात? बघ! मी म्हणतच होतो!”

पोरीनं कपाळावर हात मारला. तिला वाटलं होतं, समजल्यावर काका शांत होतील.

सातव्या दिवशी त्यांना पुरावा सापडला. कापलेल्या थप्पीला त्यांनी आपला काटकोन तपासायचा पितळी गुण्या लावला, काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेला, तीस वर्षं खिळ्याला टांगलेला. कोपऱ्यात केसभर उजेड दिसला. काटकोन चुकला होता. वर आणखी एक भर: विक्रेत्यानं छाती ठोकून सांगितलं होतं, चार बोटं जाड थप्पी कापेल. जाड पुठ्ठ्याला तीन बोटांपुढं गेलं की मशीन कण्हत होतं.

परतीचा अर्ज भरून त्यांनी तो पुस्तिकेत खोचला. जुनं दांड्याचं मशीन अजून कोपऱ्यात उभं होतं. खांदा दुखत होता, तरी त्यांनी त्यावर हात फिरवला.

आठव्या दिवशी कंपनीचा मिस्त्री आला. कानावर पेन्सिल, हातात पिशवी, जेमतेम बोलणारा. त्यानं एक कागद पुढं केला: मशीन समाधानकारक बसवले. तपासनीस मागं सरकले.

“सही करायला आलायत?”

“तपासायला आलोय. सही शेवटी, वाटली तर.”

त्यानं एक थप्पी कापली. थप्पीचा वरचा अर्धा भाग उचलला, पालथा केला आणि पुन्हा खालच्यावर ठेवला. कडा कडेला भिडली. बोट फिरवलं, कुठं अडलं नाही. “काटकोन बरोबर आहे, मालक.”

“माझा गुण्या खोटं बोलतो?”

मिस्त्रीनं गुण्या घेतला, सरळ पट्टीला टेकवून कागदावर रेघ ओढली. गुण्या पालथा करून त्याच बिंदूवरून दुसरी ओढली. दोन्ही रेघा वर जाता जाता एकमेकींपासून फाकल्या. दारात उभ्या पुतणीनं ओठ दाबले. तपासनिसांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मशीन तपासलं, कंपनी तपासली, फोनवरची मुलगी तपासली. गुण्या मात्र तीस वर्षांत एकदाही उलटा केला नव्हता.

“कधीतरी पडला असेल,” मिस्त्री हळूच म्हणाला.

“आणि चार बोटांचं काय?”

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढून पुन्हा ठेवली. “साध्या कागदाला चार. पुठ्ठ्याला तीनच. विकणारे तोंड भरून बोलतात आणि आम्ही येऊन बोलणी ऐकतो. आधीच तीन सांगितलं असतं, तर तुम्ही आज खूश असता.”

“हे कंपनीत बोललात तर?”

“बोललोय. तिसऱ्या दिवशी फोन करतात, तेवढं पुरेसं वाटतं त्यांना.”

तपासनिसांना हा माणूस पहिल्यांदाच पटला, कारण त्यानं मशीनला नावं ठेवली होती. पुस्तिकेतला अर्ज काढून त्यांनी त्याची चौकोनी घडी घातली आणि नव्या मशीनखाली कापला. मग कागदावर सही केली, पण शेजारी लिहिलं: पुठ्ठ्याला तीन बोटं.

“यादीत तुमचा नंबर देऊ?” मिस्त्रीनं विचारलं.

“द्या. पण खरं तेच सांगेन.”

दांड्याचं मशीन त्याच आठवड्यात गेलं. गुण्या खिळ्याला तसाच राहिला, पण पाठमोरा.

महिन्याभरानं दुकानात फोन वाजला. घाबरलेला, दबलेला आवाज. “तुम्ही ते हिरवं मशीन घेतलंय म्हणे. कसं आहे?”

“चांगलं आहे. पुठ्ठ्याला तीनच बोटं लावा.”

पलीकडचा आवाज आणखी खाली आला. “तुम्ही कंपनीचे माणूस तर नाही ना?”

तपासनीस खुर्चीत मागं रेलले. आत खळ ढवळणाऱ्या बायकोनं मान वर करून पाहिलं.

“नाही हो,” ते म्हणाले. “तुमच्याकडे गुण्या आहे? जरा उलटा करून बघा.”