बायजाचं दुसरं हक्कसोड

महाडच्या कोर्टासमोर निशिगंधाचा टायपिंगचा गाळा आहे. वडील होते तेव्हा तिथे टाइपरायटर खडखडायचा, आता संगणक आहे. कामं मात्र तीच: प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वाटणीपत्रं, आणि सगळ्यांत जास्त हक्कसोडपत्रं. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरून भाऊ येतात, मागून लग्न होऊन गेलेल्या बहिणी येतात. बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणी भावांच्या नावे सोडून देतात, चहा पितात आणि एसटी पकडतात. त्या दस्ताचा मजकूर निशिगंधाला झोपेत विचारला तरी सांगता येईल. 'सदर मिळकतीवर यापुढे माझा कोणताही हक्क, हितसंबंध राहणार नाही.'

इंग्रजी चांगलं असल्यामुळे तिला पुण्याच्या एका भाषांतर संस्थेचं काम मिळू लागलं. बहुतेक औषधांच्या चाचण्यांचे कागद असत. नवं औषध माणसांवर तपासायचं तर आधी त्यांना सगळं समजेल अशा भाषेत सांगून संमती घ्यावी लागते. त्या माहितीपत्रकाचं मराठी निशिगंधा करायची. दुसरा कोणीतरी मूळ कागद न बघता त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचा आणि दोन्ही इंग्रजी ताडून बघितली जायची. मग कागद नीतिसमितीकडे जायचा. समितीने मान्यता दिल्याशिवाय तो कोणाच्या हातात पडत नसे. एवढ्या चाळणीतून गेलेला कागद म्हणजे पक्का, असं निशिगंधाला वाटे. खाली 'भाषांतर अचूक आहे' असं प्रमाणपत्र असे आणि त्यावर तिची सही.

रक्तदाबाच्या नव्या गोळीची एक चाचणी महाडच्याच एका खाजगी दवाखान्यात सुरू होती. तिचंही मराठी निशिगंधाने केलं होतं. आपलं लिखाण आपल्याच गावात वाचलं जाणार याचं तिला अप्रूप वाटलं होतं.

भाताची कापणी आटोपल्यावर एका सकाळी बायजा गाळ्यात आली. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीवरची, साठीच्या पुढची, शेळ्या राखणारी बाई. डावा हात मनगटापासून पट्टीत गुंडाळलेला. पट्टीखाली बांबूच्या कांबी दिसत होत्या.

"हक्कसोड करायचं हाय, गो बाय."

"बसा मावशी. कुणाच्या नावानं?"

"दवाखान्याच्या."

निशिगंधा हसली. "दवाखान्याला जमीन देताय की काय?"

"जमीन कुठली आता? ती तर हितंच सोडून दिली." बायजा बाकावर टेकली. "भावांचं केलंस ना मागं, तवाच हा गाळा बघितला. तवा बाप बसायचा तुझा, पन वाचून तू दाखवलंवतंस. भरभर."

निशिगंधाला काही आठवेना. अशा कितीतरी बायका त्या बाकावर बसून गेल्या होत्या.

बायजाने पिशवीतून कागद काढला. प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला, कोपरे न मुडपलेला. "मी दवाखान्याची गोळी खाते. नवी हाय, तिची परीक्षा चाललीय. ती खाल्ली का चढनीला डोळ्यापुढं काळोख येतो. गनपतीपासनं येतोय. मागं शेळी वळवताना पडले, त्याचा हा हात."

"मग दवाखान्यात सांगितलं नाही?"

"कशी सांगू? सांगितलं तर म्हनतील, सोड. सोडली का हक्क गेला. मंग हाताचा खर्च कोन करनार, तपासनी कोन करनार? म्हून गप ऱ्हायले. वाडीतल्या म्हाताऱ्याकडनं हात बांधून घेतला, सवच्या गरम पान्याच्या कुंडात शेकून आले. पन आता नाय जमत. पुन्यांदा पडले तर शेळ्या कोन बघील? मला भरपाई नको, काय नको. सोडते सगळं. तू स्टँपावर लिव, मी आंगठा देते."

निशिगंधाने कागद हातात घेतला. पहिल्या ओळीलाच तिने स्वतःचं माहितीपत्रक ओळखलं आणि बाहेर पडण्याबद्दलचं वाक्य शोधलं.

'आपण या अभ्यासातील सहभागाचा हक्क केव्हाही, कोणतेही कारण न देता सोडू शकता.'

इंग्रजीत हक्क सोडण्याची गोष्टच नव्हती. वाटेल तेव्हा बाहेर पडण्याचा हक्क आहे, असं तिथे म्हटलं होतं. पहिल्या खर्ड्यात तिने 'बाहेर पडू शकता' असंच लिहिलं होतं. मग ते तिला बाजारातल्यासारखं, पोरकट वाटलं. कायद्याच्या कागदाला कायद्याचा शब्द हवा म्हणून हात सवयीच्या शब्दाकडे गेला.

पुढचं वाक्य त्याहून वाईट होतं. बाहेर पडल्यावर नवी माहिती गोळा केली जाणार नाही, मात्र तोवर नोंदलेली माहिती परत काढून घेता येणार नाही, ती नावाऐवजी क्रमांकाखाली ठेवून वापरली जाईल, असा मूळ मजकूर होता. निशिगंधाने शेवट असा केला होता: 'हक्क सोडल्यानंतर पूर्वी संकलित माहितीवर आपला कोणताही हक्क, हितसंबंध राहणार नाही.' दस्तातलं वाक्य तिने जसंच्या तसं उचललं होतं.

नुकसानभरपाईचं कलम त्याखाली बरोबर होतं. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि वर भरपाई, आणि बाहेर पडल्यामुळे यातलं काही बुडत नाही. पण तिथवर पोचेतो बायजाने ऐकणं सोडलं असणार. 'हक्क सोडल्यानंतर कोणताही हक्क राहणार नाही.' हे तिने आयुष्यात एकदा ऐकलं होतं, आणि तेव्हा ते अक्षरशः खरं झालं होतं.

"मावशी, याला स्टँप लागत नाही," निशिगंधा म्हणाली. "तोंडी सांगितलं तरी पुरतं. आणि हाताच्या खर्चाचा हक्क कुठे जात नाही."

"मंग हितं तसं कशाला लिवलंय?"

"लिहिणाऱ्याचं चुकलंय."

"कोन लिवनारा?"

"पुण्याचे लोक," निशिगंधा म्हणाली.

तिने गाळ्याचं शटर खाली ओढलं आणि बायजाला रिक्षात घातलं. बायजाने दुखरा हात मांडीवर धरला होता. खड्डा आला की ती डोळे मिटायची.

दवाखान्यात चाचणीचं कामकाज संजीवनी बघायची. तिशीची, हसतमुख मुलगी, गावागावांतल्या रुग्णांची नावं तोंडपाठ असलेली. बायजाचा हात बघून तिचा चेहरा उतरला.

"अगं मावशी! दर खेपेला विचारते ना मी, काही त्रास? बरं हाय, बरं हाय म्हणत होतीस. हात असा कधीपासून?"

"मागल्या खेपेला पदराखाली धरलावता."

"आणि मी सांगितलं नव्हतं का, कधीपण सोडू शकतेस म्हणून? साक्षीदारासमोर वाचून दाखवलं होतं की!"

"तेच तर. सोडू शकतेस म्हनालीस."

संजीवनी डॉक्टरांना बोलवायला आत गेली.

डॉक्टरांनी तपासलं. उभं राहिल्यावर बायजाचा रक्तदाब फारच खाली येत होता. मनगटाचं हाड तडकलं होतं आणि कांबीत वाकडं जुळू पाहत होतं. गोळी त्यांनी तिथल्या तिथे बंद केली. उरलेल्या गोळ्या परत आणायला सांगितल्या आणि साधी, जुनी गोळी लिहून दिली. मग समोर बसून एकेक वाक्य सांगितलं. हाताचा उपचार फुकट होईल. पडणं गोळीमुळे होतं की नाही याचा अहवाल जाईल आणि भरपाई त्यावर ठरेल. चाचणीतून बाहेर पडल्याने यातलं काही थांबणार नाही.

"सोडल्यावरबी?" बायजाने विचारलं.

"सोडल्यावरही."

"आनि माजं रगत? तुमच्याकडं दिलंय ते?"

"आजवरच्या तपासण्यांचे आकडे राहतील. त्यांवर तुमचं नाव नाही, नंबर आहे. आजपासून नवं काही घेणार नाही. उरलेलं रक्त टाकून द्या म्हणालात तर टाकून देऊ."

"टाका," बायजा म्हणाली. मग संजीवनीकडे वळली. "पुन्याच्या लोकांना सांग, नीट लिवा म्हनावं. मान्सं पडतात."

संजीवनीने निशिगंधाकडे पाहिलं. हे भाषांतर कोणी केलं ते तिला ठाऊक होतं. फाइलमध्ये सही होती. पण ती बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं निशिगंधाला वाटलं.

"पुण्याचे नाहीत मावशी," निशिगंधा म्हणाली. "ते मी लिहिलंय."

बायजाने तिच्याकडे नीट बघितलं. "तू? तुला तर विंग्लिश येतं ना गो?"

"येतं."

"मंग मराठीच येत नसंल," बायजा म्हणाली आणि प्लॅस्टरसाठी हात पुढे केला.

त्याच दुपारी निशिगंधाने संस्थेला पत्र लिहिलं: कोणती वाक्यं चुकली, मूळ काय होतं आणि त्यामुळे एक बाई त्रास लपवून गोळ्या खात राहिली. संस्थेतल्या बाईंचा फोन आला. उलट भाषांतर तर जुळलं होतं, त्या म्हणाल्या, समितीनेही हरकत घेतली नव्हती. ते खरंच होतं. उलट भाषांतर करणाऱ्या शिकलेल्या माणसाने 'हक्क सोडणे' याचा जो अर्थ असायला हवा तोच इंग्रजीत लिहिला होता. दुसऱ्या वाक्यातला 'हितसंबंध' कायद्याची भाषा म्हणून चालून गेला होता. 'सुधारित आवृत्ती' एवढंच म्हणू या, चूक वगैरे कशाला, असं बाईंनी सुचवलं. निशिगंधाने पत्र बदललं नाही. पुढे त्या संस्थेकडून काम येईनासं झालं.

संजीवनीने चाचणीतल्या प्रत्येकाला फोन करून समजावलं. कापडे गावचे एक काका म्हणाले, "सोडता येतं तर मंग ऱ्हातो." नवा मजकूर समितीकडे धाडण्याआधी डॉक्टरांनी निशिगंधाला तो कोणाला तरी वाचून दाखवायला सांगितलं. बायजा प्लॅस्टर दाखवायला आली होती. दवाखान्याच्या बाकावर निशिगंधाने वाचलं, या वेळी सावकाश.

"'तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही या अभ्यासातून बाहेर पडू शकता. कारण सांगायची गरज नाही. बाहेर पडलात तरी तुमचा नेहमीचा उपचार आणि भरपाईचा हक्क तुमचाच राहील.' काय कळलं, मावशी?"

"भायेर पडले तरी माजं ते माजंच."

"बरोबर."

निशिगंधाने कागदावर खूण केली. बायजा अजून त्या ओळीकडे बघत होती, वाचता येत असल्यासारखी.

"गो बाय," ती म्हणाली, "मंग ते भावांचं हक्कसोड? त्येच्यातबी असंच चुकलंवतं का काय? जमीन हाय माजी अजून?"

प्लॅस्टरमधला हात तिने छातीशी धरला होता. संजीवनी कपाट आवरायचं थांबली.

"नाही मावशी," निशिगंधा म्हणाली. "ते मी बरोबर वाचलं होतं. भरभर वाचलं, पण बरोबर."

बायजाने मान हलवली. "नाय म्हनलं, इचारावं," ती म्हणाली आणि पोलादपूरची गाडी किती वाजता आहे ते संजीवनीला विचारायला उठली.