रेषेवर उभा जावई

झेंडेकाकांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. ते कारखान्याचं स्टोअर सांभाळत; फिटरने एक वॉशर मागितला, तर आधी जुना दाखवायला लावत. असल्या माणसाला रविवारच्या फुटबॉल लीगने लाइन्समन केलं, म्हणजे मांजराला दुधाऐवजी उंदरांच्या पाळतीवर बसवल्यासारखंच.

ऑफसाइडवर त्यांचा फार जीव. "हा नियम संशयातूनच जन्मलाय," ते सांगत. "नाहीतर एकेक आयतोबा समोरच्या गोलपाशी ठिय्या देऊन बसला असता, आणि बाकीच्यांनी लांबून त्याच्याकडे बॉल भिरकावला असता. खेळ कसला तो!"

त्या रविवारी त्यांचा जावई बचावफळीत होता. काकांनी हे लीगच्या सेक्रेटरीला आधीच सांगितलं होतं, पण दुसरा लाइन्समन आयत्या वेळी मिळेना. एक-एक बरोबरी, सामना संपत आलेला. उंच आलेला बॉल ठोसायला जावयाचा गोलकीपर पुढे धावला आणि आपटला. बॉल समोरच्या संघाच्या, कडेला उभ्या असलेल्या एका खेळाडूकडे गेला. त्याने तो गोलसमोरच्या जोडीदाराकडे सरकवला, जोडीदाराने जाळ्यात टाकला. काकांचा झेंडा वर. गोल रद्द.

मैदान पेटलं. "डोळे फुटले का? तुमचा जावई गोलरेषेवर उभा होता की!"

सामन्यानंतर सेक्रेटरीने त्यांना खोलीत बोलावलं. काकांनी टेबलावर चहाचे कप मांडले.

"बॉल सोडला त्या क्षणी बघायचं. जोडीदार बॉलच्याही पुढे असेल, तर त्याच्या पुढे समोरच्यांपैकी किमान दोघं हवेत. दुसऱ्याच्या बरोबरीत असला तरी चालतं. एरवी गोलकीपर मागे असतो, म्हणून लोकांना वाटतं एक बचाववाला पुरे. पण इथे गोलकीपर बाहेर लोळतोय. रेषेवर एकटा जावई. मग ऑफसाइड नाही तर काय?"

सेक्रेटरी कपांकडे बघत राहिला. "नियम पटला, काका. पण लोकांची तोंडं कोण धरणार? यापुढे जावयाच्या संघाची मॅच तुम्हाला नको."

काकांना ते फार लागलं. इतक्या वर्षांत त्यांच्या झेंड्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

घरी मुलगी आणि जावई येऊन बसले होते. जावई खुशीत होता. "मामा, आज वाचवलंत हो!"

"मी कुणाला वाचवलं नाही," काका खेकसले. त्यांनी पुन्हा सगळं समजावलं, या वेळी वाट्या मांडून. जावयाने हो हो म्हणत मान डोलावली आणि हळूच डोळा मारला. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला.

मुलगी मात्र गंभीर होती. "बाबा, खरं सांगा. रेषेवर दुसरा कुणी असता, तरी झेंडा वर गेला असता ना?"

"म्हणजे काय! गेलाच असता," काका म्हणाले आणि आधारासाठी बायकोकडे वळले. भाजी चिरता चिरता ती थांबली होती आणि काका वॉशर मागणाऱ्या फिटरच्या हाताकडे बघत, तशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.