नाल्यातला बिबट्या आणि माझी शिट्टी

रात्रीची गस्त संपली, पण अंगावरचा काटा अजून जात नाही. आई इंदूरहून फोनवर विचारते, "झोपलीस का गं?" झोपते कुठली!

मी इथली वनरक्षक; मी आणि जंगलाचे चौकीदारकाका काल रात्री नाल्यात उतरत होतो. पलीकडे चितळ एकदाच ओरडलं. "कुछ नहीं, मैडमजी," काका म्हणाले. खरंच, पाचोळा हलला तरी चितळ ओरडतं. पण मग अर्जुनाच्या झाडावर वानर खोकल्यासारखे खॉक-खॉक करू लागले. त्यांना वरून जनावर दिसतं, आणि दिसतंय तोवर ते गप्प बसत नाहीत. पाठोपाठ सांबर, 'ढांक!' सांबर सहसा उगाच ओरडत नाही. बिबट्याच होता. पाठ न दाखवता आम्ही मागे सरकलो आणि जवळच्या पहाऱ्याच्या टॉवरवर चढलो.

चढलो खरे, पण अडकलो. आवाज नाल्याच्या कडेने महुआच्या, म्हणजे आपल्या मोहाच्या, झाडांकडे सरकत गेले आणि तिथेच थांबले. सगळं चिडीचूप. जनावर पुढे गेलं की झुडपात बसलं, कसं कळणार? आवाज चालू असतात तेव्हा निदान ते कुठे आहे ते समजतं. मोबाइलला नेटवर्क नाही. फटाका लावावा तर ते बिथरून महुआखालीच जायचं. आणि उजाडायच्या आत गावातल्या बायका महुआची गळलेली फुलं वेचायला तिथेच येतात, काकांची बायकोसुद्धा. वाकून वेचणारी बाई बिबट्याला माणूस वाटतच नाही, चार पायांचं काहीतरी वाटतं.

काका कठडा घट्ट धरून बसले होते. "आएगी वो," एवढंच पुटपुटत होते. मला रडू येत होतं आणि रडण्याचा रागही येत होता.

शेवटी शेताच्या बांधावर टॉर्च दिसले. आम्ही उभे राहून घसा फोडून ओरडलो, पण वारा उलटा होता. मी गस्तीची शिट्टी काढली आणि जीव खाऊन वाजवत सुटले. टॉर्च झटकन विझले. बायका पळाल्या! काका धप्पकन खाली बसले.

उजाडल्यावर वानर परत ओरडले. सगळ्यांची तोंडं एकाच झुडपाकडे होती. आवाज नाल्यातून लांब जाऊन विरेपर्यंत आम्ही खाली उतरलो नाही. महुआपासून हाकेच्या अंतरावरच गवत दबलेलं, शेजारी ताजे ठसे. रात्रभर तिथेच बसून होतं मेलं.

गावात काकांची बायको तावातावाने सामोरी आली. पळताना तिची टोपली हरवली होती. मी म्हटलं, "काकी, तेंदुआ था वहाँ. इसलिए सीटी बजाई."

"तेंदुए का किसे पता था?" ती म्हणाली. "हम तो समझे आप लकड़ीवालों को पकड़ रही हो. सूखी लकड़ी तो हम भी उठाते हैं. आपसे भागे."

काकांनी मान खाली घातली. मग तिने हळूच विचारलं, "तो कल आएँ?"

महुआची फुलं गळायची काही थांबणार नाहीत, आणि बिबट्या कुठे गेलाय ते मला ठाऊक नाही. मी तिची टोपली शोधायला बांधाकडे वळले.