पेटलेलं तेल आणि पाण्याचा लोटा

आई जाऊन दोन महिने झाले. भेटायला येणारी माणसं म्हणतात, भरपूर जगली, वयानं गेली. मी मान हलवते. तिच्या आयुष्यातली शेवटची पस्तीसेक वर्षं एका दुपारी माझ्यामुळे हातची जाणार होती, हे त्यांना सांगून काय होणार? कागदावर सांगता येईल असं वाटतं.

आम्ही भिलाईला सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा कारखान्यात, पोलाद वितळवणाऱ्या भट्टीवर. घरी बरीच वर्षं कोळशाची सिगडी होती. स्वयंपाक आटोपला की आई उरलेल्या निखाऱ्यांवर लोट्यानं पाणी शिंपडायची. चर्रर्र आवाज, राखेचा वास, आणि विझलेले कोळसे दुसऱ्या दिवशी उन्हात वाळत घातलेले. निखारे तसेच जळू देणं तिला उधळेपणा वाटे. म्हणून भरलेला लोटा कायम सिगडीच्या उजव्या बाजूला असे. पुढे गॅस आला, ओटा आला, पण लोट्याची जागा बदलली नाही. त्याचं आता तिथं काय काम, असं कोणी विचारलं नाही. आईनंही नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. करंज्या भरून झाल्या होत्या आणि त्या मोठ्या परातीत ओल्या फडक्याखाली होत्या. आईनं कढईत तेल ओतलं, गॅस मोठा केला. तेवढ्यात मागच्या अंगणातून शेजारच्या छत्तीसगढी काकूंनी हाक मारली. त्यांच्याकडे ठेठरी, म्हणजे बेसनाची तळलेली कडबोळी, चालली होती आणि बेसन कमी पडलं होतं.

"तेलाकडं पाय बरं," आई डबा घेऊन निघताना म्हणाली. "तापलं का आधी एक करंजी सोड. लहान कर मंग गॅस."

मी तेव्हा एमएच्या पहिल्या वर्षाला होते. स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून कादंबरी वाचत होते. हो म्हणाले. सिगडीवर एवढं तेल तापायला बराच वेळ लागायचा, तोच हिशोब माझ्या डोक्यात होता, आणि आईच्याही. धूर आला तो आधी माझ्या नाकाला कळला, डोळे पानातच होते. निळसर, घशाला टोचणारा. मी मान वर केली तेव्हा कढईच्या काठावर एक पातळ ज्योत फिरत होती. कोणी काडी लावल्यासारखी नाही. तेल इतकं तापलं होतं की आपसूक पेटलं. पुढच्या क्षणी सगळं तेल पेटलं, आणि जाळ भिंतीवरच्या फळीपर्यंत गेला.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आई अंगणातून धावत आली. हात कुठे न्यायचा याचा तिला विचार करावा लागला नाही, इतक्या वर्षांची सवय. लोटा तिच्या हातात होता.

बाबा पहिल्या पाळीवरून येऊन बाहेरच्या खोलीत जेवत होते. ते कसे उठले ते मी पाहिलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की त्यांच्या खरकट्या हातानं आईचं मनगट मागून पकडलं होतं.

"पानी नोको!"

"सोडा ना जी! घर जळून राह्यलं!"

"पानी टाकलं तर तू जळशीन. सोड लोटा."

तिनं सोडला नाही. त्यांनी तो हिसकून घेतला आणि दारातून अंगणात फेकला. मग त्यांनी परातीतल्या करंज्या फडक्यासकट ओट्याखाली ओतल्या, परातीतला ओलावा हातानं पुसला, ती ढालीसारखी समोर धरली आणि पेटलेल्या कढईच्या अलीकडच्या काठावरून हळूहळू पुढं सरकवली. वरून आदळली नाही. जाळ परातीच्या पलीकडून एकदा वर उसळला, मग कडेनं जिभा काढू लागला, मग दिसेनासा झाला. त्यांनी खाली वाकून गॅसचं बटण फिरवलं. कढईला मात्र हात लावला नाही.

परातीखाली काहीतरी कुरकुरत होतं.

आई भिंतीला टेकली होती. थोड्या वेळानं ती पुढं झाली, परातीकडं हात नेत.

"पाऊ का विझलं का?"

"नोको पाहू," बाबा म्हणाले. "तेल अजून तेवढंच गरम हाय. हवा भेटली का पुन्हा धरते. उचलायची नाही, हलवायची नाही. परात थंडी होईस्तोवर बस."

म्हणून आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दाराशी बसलो. बाबा एरवी घरी कारखान्याविषयी बोलत नसत. त्या दिवशी बोलले, आईकडं न बघता, फरशीकडं बघत.

"पानी तेलाहून जड. तू टाकलं असतं, ते वर थांबलं नसतं, खाली गेलं असतं. आन खाली तेल एवढं गरम का पान्याची एका झटक्यात वाफ. एक लोटा पान्याच्या वाफेले हजार-दीड हजार लोट्यांची जागा लागते. ती जागा कुठून आणील? डोक्यावरचं तेल फेकून देते. आन ते तेल पेटलेलं." ते थांबले. "आमच्याइथं बी तेच. ओलं भंगार भट्टीत गेलं का भट्टी थुंकते. कोनाच्या अंगावर थुंकते ते भट्टी पाहत नाही."

आई म्हणाली, "मले वाटलं, आग हाय तं पानी."

"कोयश्याले चालते. तुया हाताले कोयसाच माईत," बाबा म्हणाले. "हाताचं चुकत नाही त्यात."

हे ऐकून मला सहन झालं नाही. कादंबरी अजून माझ्या मांडीवर उघडी होती. आईचं सगळं तोंड, तिचे डोळे, तिचे केस, माझ्या एका प्रकरणाच्या बदल्यात जाणार होते, आणि दोघंही लोट्याविषयी बोलत होते.

"मी तेलाकडं पाहिलं नाही," मी म्हणाले. "मी वाचत होते."

बाबांनी वर पाहिलं नाही. आईनं पाहिलं. ती रागावेल असं वाटलं, रडेल असंही वाटलं.

"माईत हाय," ती म्हणाली. "तुयं बूड हाललंच नाही न पाटावरून. धूर अंगणातल्या मले दिसला, तुले दिसला नाही."

बाबा हसले. मग तीही थोडी हसली. हसता हसता दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळून घेतले.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा परातीला बोट लावता आलं. बाबांनी ती उचलली. तेल काळं, दाट झालं होतं. ते पूर्ण निवल्यावर डब्यात भरून ठेवलं, टाकून देण्यासाठी. ओट्याखाली सांडलेल्या करंज्या आईनं एकेक उचलून पाहिल्या. फुटलेल्या बाजूला केल्या, बऱ्या होत्या त्या पुन्हा मिटवल्या. दुसरी कढई चढली, नवं तेल आलं. तिनं झारा माझ्या हातात दिला.

"तूच तळ."

मला भीती वाटत होती. तिला माझ्याहून जास्त वाटत असणार, कारण ती गॅसच्या बटणावर बोटं ठेवून माझ्या शेजारीच उभी राहिली, शेवटची करंजी निघेपर्यंत.