पदराला बांधलेली गोळी

हे कामाला होते ती गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. हृदयाचं दुखणं असलेल्या माझ्या यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन परळच्या इस्पितळात ठरलं. रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांनी आठवडाभर आधीच बंद केली होती. ऑपरेशनच्या सकाळी मात्र नर्सने कोलेस्टेरॉलची गोळी माझ्या हातात दिली, घोटभर पाण्याबरोबर द्या म्हणाली. पोट उपाशी हवं म्हणतात आणि गोळी देतात, मला संशय आला. मी ती पदराच्या गाठीत बांधली.

"अगं, दे की," हे म्हणाले.

"गप पडा. आधी विचारते."

भुलीचे डॉक्टर आले. रक्ताची गोळी बंद केलीत, मग ही कशी चालते, असं मी मान खाली घालूनच विचारलं.

"मावशी, त्या गोळीने रक्त जास्त वाहतं, हिने नाही," ते म्हणाले. "ऑपरेशनचा ताण हृदयावर येतो. रक्तवाहिन्यांत साचलेली चरबी ही गोळी शांत ठेवते. नेमकी आत्ताच थांबवली तर अटॅकचा धोका वाढतो. घोटभर पाण्याने काही होत नाही."

"म्हणजे ऐन कामात हिचा संप नको," हे म्हणाले.

मी गाठ सोडून गोळी दिली. पेला मात्र माझ्याच हातात ठेवला आणि एका घोटानंतर काढून घेतला.