थंड ठिगळ

पालीच्या नाक्यावर आंब्याखाली झापांची खोप होती. मुंबईत मोटारींच्या कारखान्यात दहा वर्षं काढून आलेला एक मिस्त्री तिथे पंक्चर काढीत असे. खोपीच्या वाशाला त्याने दोन दोऱ्या बांधल्या होत्या. एका दोरीला सुटून आलेली ठिगळं ओवलेली, पापडासारखी कडेने वळलेली. दुसरीला मेलेल्या ट्यूबांचे कापलेले तुकडे, प्रत्येकावर एक ठिगळ तसंच चिकटलेलं. गिऱ्हाइकाने त्याच्या ‘साधं लावू की भाजून?’ या प्रश्नाचा अर्थ विचारला, की तो नुसता त्या दोऱ्यांकडे बोट करी.

साधं म्हणजे थंड. ट्यूब कानशीने खरवडायची, सोल्युशन फासायचं, ते सुकून बोटाला जेमतेम चिकटेल इतपत झालं की ठिगळ दाबून बसवायचं. सायकलीला ते वर्ष दोन वर्षं जाई. मोटारीच्या मागच्या चाकाला मात्र, वर माणसं आणि खाली उन्हाने तापलेला रस्ता असताना, फार तर चार दिवस. ट्यूब तापली की सोल्युशन मऊ पडे आणि ठिगळ कडेने उचले.

भाजायचं ठिगळ विलायतेहून डब्यांतून येई. लहानशी पत्र्याची ताटली, तिच्या खालच्या अंगाला कच्चं रबर, वरच्या अंगाला जळणारा मसाला. ताटली ट्यूबवर ठेवून शिकंज्यात आवळायची आणि मसाला पेटवायचा. फुसफुसत धूर येई आणि रबर रबरात विरघळून एक होई. मग पत्रा हाताला सोसेपर्यंत शिकंजा सोडायचा नाही. घाई केली तर आत फोड येतात. “हे ठिगळ ट्यूबबरोबरच मरतं,” मिस्त्री म्हणे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. स्वदेशीची पत्रकं वाचून वाढलो होतो आणि आता स्वतः पत्रकं लिहीत होतो. त्या वर्षीच्या होळीत आम्ही चौघांनी गावातला विलायती माल जाळला. मिस्त्रीला देवळासमोर उभं करून त्याच्याकडून शपथ घेतली की विलायती ठिगळ लावणार नाही. जुन्या ट्यूबचे तुकडे आणि त्रावणकोरच्या रबराचं देशी सोल्युशन, एवढंच वापरीन. त्याचे डबे मीच होळीत टाकले. ते मोठ्या झोकात पेटले. मिस्त्री हाताची घडी घालून पाहत होता.

“छान जळतायत,” तो म्हणाला. “त्यासाठीच केलेले असतात ते.”

लोक हसले. मला वाटलं, हसू त्याचंच झालं.

मे महिन्यात माझा थोरला भाऊ मुंबईहून रजेवर आला. तो गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होता. त्याच्या जिवावर मी शिकलो, आणि माझ्या पत्रकांना लागणारा कागदही त्यानेच आणून दिला होता. परतायच्या दिवशी सकाळपासून तो एकच सांगत होता: संध्याकाळची बोट मिळालीच पाहिजे. उद्या सकाळी हजर झालो नाही तर मुकादम साचे बदलीवाल्याला देणार, तसं त्याने बजावून ठेवलंय.

दुपारी सर्व्हिस मोटार पालीच्या नाक्यावर आली ती मागच्या चाकावर लंगडतच. रत्नागिरी अजून बारा मैल होती. स्टेपनी आधीच बसलेली, तिचं थंड ठिगळ साखरप्यालाच सुटलं होतं. डायवर खाली उतरला आणि माझी खादीची टोपी पाहून त्याने आवाज चढवला.

“हे बघा पुढारी! मोटार विलायती, टायर विलायती, पेट्रोल विलायती. ठिगळ तेवढं आपलं स्वदेशी! त्याच्यावर बसून आता स्वराज्यात जायचं आम्ही!”

“कुठूनतरी सुरुवात करायला हवी,” मी म्हटलं.

“तर करा की. टायरच्या जागी तुम्हीच गुंडाळून घ्या.”

मोटारीतली माणसं खदखदून हसली. दादा हसला नाही. तो सावलीत ट्रंकेवर बसून उन्हाकडे पाहत होता.

मिस्त्रीने ट्यूब बाहेर काढली, पाण्यात धरून बुडबुडा शोधला, आणि मला खुणेने खोपीमागे बोलावलं.

“एक ताटली राहिली आहे,” तो हळूच म्हणाला. “डबे दिले, पण एक खिशात राहिली. कुणाला ठाऊक नाही. तुझ्या दादाची बोट आहे म्हणून सांगतो. देवळासमोर शपथ तू घातलीस. तू हो म्हण, मी लावतो.”

“आणि थंड लावलं तर?”

“पोचेलही. पण पंधरा माणसं आहेत, ऊन हे असं, आणि पुढे चढ. मी सांगू शकत नाही.”

खोपीच्या कडेने मला दादाचे पाय दिसत होते, मुंबईला जाताना घालायच्या वहाणा घातलेले. त्याला जाऊन विचारावं, एवढंही माझ्या मनात आलं नाही. मनात आला तो डायवर. धूर दिसला की तो काय ओरडेल, ते मला आधीच ऐकू येत होतं.

“शपथ ती शपथ,” मी म्हटलं.

मिस्त्री परत ट्यूबपाशी गेला. मग त्याने मन लावून थंड ठिगळ लावलं. त्यात त्याने काही कसूर केली नाही. सोल्युशन सुकायला पुरता वेळ दिला, कुणाला फुंकर मारू दिली नाही, ठिगळ लाकडी हातोडीने ठोकून बसवलं. मी दादाला सोडायला मोटारीत चढलो.

हातखंबा गेलं. डायवर चढावर दर वेळी मागे वाकून ऐकत होता. खेडशीच्या अलीकडे चाक बसलं. ट्यूब काढली तेव्हा ती हाताला चटका देत होती आणि ठिगळ एका कडेने जिभेसारखं लोंबत होतं.

“दुसरं लावायला किती वेळ?” दादाने विचारलं.

“ट्यूब निवायला हवी, सोल्युशन सुकायला हवं. आणि लावलं तरी पुन्हा हेच,” डायवर म्हणाला. या वेळी तो टोमणा मारीत नव्हता.

ट्रंक आळीपाळीने डोक्यावर घेऊन आम्ही चालू लागलो, मग पळू लागलो. शहराच्या टोकाला पोचलो तेव्हा बोटीचा भोंगा झाला. बंदरावर गेलो तर माणसं बोटीवर पोचवून पडावाच्या होड्या परत येत होत्या. बोटीचा धूर किल्ल्याच्या टोकाआड जात होता.

तिथे, ट्रंकेवर बसून, मी दादाला त्या राहिलेल्या ताटलीबद्दल सांगितलं. तो मला मारील असं वाटलं होतं. मला ते हवंही होतं. त्याने वहाणा काढल्या, तळव्याचा फोड चाचपला.

“मला विचारायचंस तरी,” तो म्हणाला. “तुझी शपथ राहिली ना? झालं तर मग.”

दुसऱ्या दिवशीच्या बोटीने तो गेला. साचे गेले होते. पुढची दोन वर्षं तो रोज पहाटे गिरणीच्या फाटकाशी, दिवसाचं काम मिळतं का पाहत, बदलीवाल्यांच्या गर्दीत उभा राहिला. घरी पत्रं येत ती आईच्या नावाने. माझी पत्रकं वाचलीस का, असं मी त्याला पुन्हा विचारलं नाही. पत्रकं लिहिणं मात्र सोडलं नाही, आणि ते मला अजून टोचतं.

दादाची बोट सुटल्यावर बंदरावरून मी पायीच परतलो होतो. नाक्यावर मिस्त्री खोपीत होता. ती ट्यूब डायवरने परत पाठवली होती.  मिस्त्रीने जपून ठेवलेली ताटली काढली, जागा खरवडून ट्यूब शिकंज्यात आवळली आणि काडेपेटी माझ्या हातात दिली.

“पेटव.”

मी पेटवली. मसाला फुसफुसत जळून गेला. पत्रा निवेपर्यंत शिकंज्याला कुणी हात लावला नाही.

ती ट्यूब पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मेली, दुसरीकडे चिरून. मिस्त्रीने तो तुकडा कापून दुसऱ्या दोरीला ओवला. मी नखाने ठिगळाची कड उचलून पाहिली. ती कुठे सुरू होते तेच सापडेना.