शब्दाला शब्द

गाड्यांचे मार्ग ठरवणारा प्रोग्रॅम ताईंनी लिहिला आणि शाबासकी साहेबांनी लाटली, तेव्हापासून ताई मनात डूख धरून होत्या.

आता परदेशातली टीम त्याच कोडवर काम करणार होती, आणि कोडच्या ओळींमध्ये वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या टिपा, म्हणजे कॉमेंट्स, मराठीत होत्या. साहेबांनी फर्मान सोडलं, "ताई, सगळ्या मराठी कॉमेंट्स इंग्रजीत करा. व्हेरिएबलच्या नावांना, लॉजिकला हात लावायचा नाही. आणि एकही कॉमेंट गाळायची नाही."

"शब्दाला शब्द करते."

मार्ग ठरवणाऱ्या मुख्य फंक्शनच्या वरच्या कॉमेंटमध्ये साहेबांनीच पूर्वी कधीतरी लिहिलं होतं, "हे कसं चालतं ते मला कळलेलं नाही. ताईंनी लिहिलंय, त्यांनाच विचारा." खाली स्वतःचं नावही ठोकलं होतं. ताईंनी ते अगदी चवीने इंग्रजीत उतरवलं, नावासकट. कोड जसाच्या तसा होता, टेस्ट पास झाल्या. साहेबांनी न वाचताच मंजुरीचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेब छाती फुगवून "माझं डिझाइन" समजावत होते. पलीकडच्या बाईंनी स्क्रीनवर ते फंक्शन उघडलं, कॉमेंट मोठ्याने वाचली आणि विचारलं, "मग ताईंशीच बोलू या का?"

साहेब माइक बंद करून शेजारी बसलेल्या ताईंकडे वळले. "हे काय घुसडलंत?"

"तुमचंच आहे, साहेब," ताई माइककडे हात नेत म्हणाल्या. "गाळायचं नव्हतं ना?"